चौकडी जुळवणे (शिवणकाम)

चौकडीच्या किंवा पट्ट्यांच्या कापडाचा शर्ट बेतताना प्रत्येक भाग असा कापणे, की शिलाईच्या एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूला तुटल्यासारखी न दिसता पुढे चालू राहील, याला चौकडी जुळवणे म्हणतात. शिंप्यांच्या बोलण्यात ‘चेक्स मिळवणे’ हा शब्द अधिक ऐकू येतो. हे काम नव्वद टक्के कात्रीचे आणि दहा टक्केच मशीनचे आहे. कापताना चुकलेली रेघ शिवताना ओढूनताणून जुळवली, तर शिलाईला सुरकुती पडते आणि पहिल्या धुण्यात ती उघडी होते.

शर्टाला दहा-बारा जोड असतात आणि त्यांतले सगळे जुळत नाहीत, जुळूही शकत नाहीत. म्हणून आधी क्रम ठरवावा लागतो. सर्वांत वर समोरची बटणपट्टी, कारण पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते. त्यानंतर छातीचा खिसा, मग कुशीची शिलाई, मग बाहीचा पुढचा अर्धा भाग. कॉलरची दोन टोके एकमेकांशी सारखी दिसली की पुरे. काखेखालची बाहीची शिलाई आणि बाही जिथे धडाला जोडतात त्या मुंढ्याचा मागचा अर्धा भाग सोडून दिला, तरी कोणी नाव ठेवत नाही.

कापड पाहणे

चौकडीच्या रेघांचा क्रम ज्या अंतरानंतर पुन्हा सुरू होतो, ते तिचे आवर्तन. उभे आणि आडवे आवर्तन वेगळे असू शकते, त्यामुळे दोन्ही मोजावी लागतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न चौकडी समतोल आहे की नाही, हा. एका ठळक उभ्या रेघेच्या मधोमध कापड दुमडावे. वरच्या थरातल्या रेघा खालच्या रेघांवर तंतोतंत बसल्या, तर उभ्या रेघा समतोल. आडव्या रेघांसाठीही असेच करावे.

समतोल नसलेल्या चौकडीत रंगांचा क्रम एकाच दिशेने धावतो. उदाहरणार्थ निळी, पांढरी, लाल, पुन्हा निळी, पांढरी, लाल. अशा कापडाची डावी आणि उजवी बाजू आरशातल्या प्रतिमेसारखी कधीच होणार नाही. तेव्हा प्रतिमेचा नाद सोडून क्रम अंगाभोवती एकाच दिशेने फिरता ठेवतात आणि सर्व भाग एकपदरी, सुलटी बाजू वर ठेवूनच कापतात. आडव्या रेघा असमतोल असतील, तर प्रत्येक भागाचे वरचे टोक एकाच दिशेला हवे. कापड वाचवण्यासाठी एक बाही उलटी फिरवून ठेवण्याची सवय इथे अंगाशी येते.

विणलेली चौकडी रंगीत सुताची असते, म्हणून तिची रेघ धाग्याबरोबरच जाते. छापलेल्या चौकडीत तशी हमी नाही. छपाई तिरकी बसली असेल, तर रेघेप्रमाणे कापलेला शर्ट धाग्यात तिरका होतो आणि धुतल्यावर पिळवटतो. धाग्याप्रमाणे कापला, तर रेघा तिरक्या दिसतात. पन्ह्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हा फरक बोटभर असला, तर ते कापड दुकानातच सोडून यावे.

किती कापड जास्त लागते

छाती 100 सेंटिमीटर असलेल्या माणसाचा पूर्ण बाहीचा शर्ट घेऊ. सैलपणा धरून घेर 112 सेंटिमीटर. कापडाचा पन्हा 58 इंच, म्हणजे सुमारे 147 सेंटिमीटर. चौकडीचे आवर्तन आडवे 5 आणि उभे 6 सेंटिमीटर. दोन्ही पुढे, म्हणजे समोरचे दोन भाग, आणि पाठ मिळून, बटणपट्ट्या आणि माया, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडलेले कापड, धरूनही, 130 सेंटिमीटरच्या आसपास रुंदी लागते. म्हणजे तिन्ही भाग पन्ह्यात शेजारी शेजारी बसतात आणि त्यांच्या काखेच्या खुणा एकाच आडव्या रेघेवर ठेवता येतात. धड जुळवायला वाढीव कापड जवळपास लागतच नाही.

कापड खाते ती बाही. धडाशी जुळवायची तिची खूण ठरावीक रेघेवरच यायला हवी, त्यामुळे ती धडाला लागून ठेवता येत नाही. पुढची योग्य रेघ येईपर्यंत खाली सरकवावी लागते आणि त्यात जास्तीत जास्त एक आवर्तन वाया जाते. कफ, खिसा आणि कॉलरसाठी आणखी एक धरावे. इथे हे 12 सेंटिमीटर झाले. बाजारात मिळणारा तयार शर्टपीस बहुधा 1.60 मीटरचा असतो आणि तो साध्या कापडाचा हिशेब आहे. चौकडी मोठी असेल, तर ताग्यावरून पावणेदोन मीटर कापून घेतलेले बरे. पाच मिलिमीटरच्या बारीक चौकडीला हा खटाटोप लागत नाही. तिथे डोळा रेघ पाहतच नाही, रंग पाहतो.

याच शर्टात उभ्या रेघांचाही हिशेब करून पाहण्याजोगा आहे. पुढच्या मध्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत अंतर घेराच्या निम्मे, म्हणजे 56 सेंटिमीटर. दोन्ही मध्यांवर ठळक रेघ ठेवली, तर मध्ये 11 आवर्तने बसतात आणि 1 सेंटिमीटर उरतो. तो कुशीत दिसतो; तिथला एक चौकोन बाकीच्यांहून रुंद होतो. घेर 110 केला, तर हिशेब पूर्ण बसेल. पण कमरेत शर्ट आत घेतलेला असल्याने काखेपाशी जमलेल्या उभ्या रेघा वीतभर खाली पुन्हा बिघडतातच. म्हणून कुशीत आडव्या रेघा जुळवाव्यात आणि उभ्यांचा आग्रह धरू नये, हे बहुतेक कारागिरांचे मत योग्यच आहे. चौकडीसाठी गिऱ्हाइकाचे माप बदलणे हा उलटा धंदा झाला.

शिलाईची रेघ आणि कापलेली कड

नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत इथे होते. जुळणी कापलेल्या कडेवर करायची नसते, मायेच्या आत जिथे टाका पडणार त्या रेघेवर करायची असते. कुशीत ही चूक लपून जाते. पुढच्या आणि मागच्या भागाची कड सारख्याच कलाने आत वळते, त्यामुळे कडेवर जुळलेल्या आडव्या रेघा शिलाईतही जुळतात. ‘मला जमले’ असे वाटते, आणि मग खांदा येतो.

खांद्यावर वेगळा जोडलेल्या तुकड्याला शिंपी योक म्हणतात. योकच्या उभ्या रेघा पुढच्या भागाच्या उभ्या रेघांना सरळ मिळायला हव्या असतील, तर शिलाई त्यांना काटकोनात नसून खांद्याच्या उतारामुळे तिरकी असते. उतार 20 अंशांचा आणि माया 1 सेंटिमीटर असेल, तर टाक्यापासून कडेपर्यंत जाताना पुढच्या भागातली रेघ शिलाईच्या लांबीत साडेतीन मिलिमीटरहून थोडी जास्त सरकते. योकमधली रेघ तेवढीच विरुद्ध दिशेला सरकते. म्हणजे कडेवर अगदी जुळवून शिवले, की उलगडल्यावर रेघा सुमारे 7 मिलिमीटरने चुकलेल्या निघतात. उपाय साधा आहे. कागदी नमुन्यावर माया आणि शिलाईची रेघ वेगळी आखावी, कापडाच्या रेघा नमुन्यावर पेन्सिलीने उमटवून घ्याव्यात आणि खुणा शिलाईच्या रेघेवर द्याव्यात. ज्यांना हे नको असते, ते योक आडवा किंवा तिरका कापतात. मग जुळणीचा प्रश्नच उरत नाही, आणि तो फरक मुद्दाम केलेला दिसतो.

कापण्याची पद्धत

घडी घालून दोन पदर एकदम कापणे सोपे, पण खालच्या पदरातली रेघ कुठे आहे ते वरून दिसत नाही. घडी घालायचीच, तर दर हातभर अंतरावर दोन्ही पदरांतली तीच रेघ टाचणीने धरावी लागते. खात्रीची रीत एकपदरी आहे. आधी डावा पुढा कापायचा. पुरुषी शर्टात तोच वर येतो. बटणांची मध्यरेघ एका ठळक उभ्या रेघेच्या मधोमध धरायची. मग तो कापलेला भाग उरलेल्या कापडावर सुलटीला सुलटी लावून पालथा घालायचा आणि रेघांवर रेघा अशा बसवायच्या, की तो दिसेनासा होईल. त्याच्या कडेने उजवा पुढा कापायचा. पालथा घालायचे विसरले, तर दोन डावे पुढे हाती येतात. असमतोल चौकडीत मात्र पालथ्या भागाच्या उभ्या रेघा खालच्या रेघांवर बसत नाहीत. तिथे आडव्या रेघा आणि मध्यरेघ एवढेच धरायचे.

बाहीची खूण मुंढ्याच्या पुढच्या वळणावर, काखेपासून सुमारे 8 सेंटिमीटर वर असते. तिथल्या आडव्या रेघेला बाहीवरची तीच रेघ मिळवायची. खुणेच्या आसपास पाच-सहा सेंटिमीटर जुळणी टिकते, कारण तिथे मुंढा आणि बाहीचा गोल दोन्ही जवळजवळ उभे असतात. वर गेल्यावर मुंढा उभाच राहतो आणि बाहीचा गोल माथ्याकडे आडवा वळतो. शिलाईच्या तेवढ्याच लांबीत दोघांची उंची वेगवेगळी वाढते, म्हणून रेघा फुटतात. हा दोष कारागिराचा नाही, आकाराचा आहे. त्यामुळे बाहीच्या माथ्यापर्यंत जुळलेली चौकडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधीच नकार देणे बरे.

खिसा सर्वांत शेवटी कापावा. पुढच्या भागावर खिशाची जागा आखून नमुना तिथे ठेवायचा, खालच्या रेघा त्यावर उमटवायच्या आणि मग उरलेल्या तुकड्यात तशाच रेघा शोधायच्या. दुमडीची माया बाहेर ठेवून, तयार खिशाच्या कडेवर जुळवायचे. जुळलेला खिसा तीन हातांवरून दिसता कामा नये. तुकडा अपुरा पडला, तर खिसा तिरका कापण्याची पळवाट आहेच.

शिवताना

मशीनचे दाते खालचा पदर पुढे ढकलतात आणि वरचा पदर फूटखाली रेंगाळतो. वरून जुळवून सुरुवात केली, तरी कुशीच्या हातभर शिलाईत शेवटी रेघ चार-पाच मिलिमीटर चुकू शकते. चूक एकाच दिशेने वाढत गेलेली दिसली, तर दोष कात्रीचा नसून मशीनचा आहे, हे ओळखावे. कापण्यातली चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच राहते. प्रत्येक ठळक रेघेवर आडवी टाचणी लावणे आणि ती सुईजवळ आल्यावर काढणे, हा रोजचा उपाय. त्याहून पक्का म्हणजे सुलट्या बाजूने आधी कच्चा धावदोरा: एका भागाची माया आत दुमडून ती दुसऱ्या भागाच्या शिलाईच्या रेघेवर ठेवायची आणि दुमडीच्या आतून टाके घ्यायचे. रेघा डोळ्यांसमोर जुळलेल्या असतात. नंतर उलट्या बाजूने मशीन मारून धावदोरा काढून टाकतात.

कारखान्यात एका वेळी अनेक पदर कापायचे असतात, म्हणून टेबलातून वर आलेल्या सुयांवर प्रत्येक पदराची तीच रेघ टोचून कापड पसरतात. तरीही आडवा धागा धनुष्यासारखा वाकलेला असेल, तर सुयांचा उपयोग होत नाही. मग भाग आधी मोठे चौकोनी कापून, एकेक पदर हाताने सरळ करून, पुन्हा रचून बारीक कापावे लागतात. यात वेळही जातो आणि कापडही. स्वस्त तयार शर्टात आणि शाळेच्या गणवेशाच्या चौकडीत खिसा कुठे, कुशी कुठे असे दिसते, त्याचे कारण हेच.