छोटी ओळख आणि घाईची ओळख

मुलाखतीत "थोडक्यात तुमच्याबद्दल सांगा" असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला साधारण अर्ध्या मिनिटाचं उत्तर हवं असतं. पाठ केलेली ओळख मात्र बहुतेकांची पाऊण-एक मिनिटाची असते. मग घड्याळ लावून तीच ओळख भरभर म्हणायचा सराव सुरू होतो. वेळ तीस सेकंदांवर येते आणि वाटतं, जमलं. पण ओळख छोटी झालेली नसते, तिचा फक्त वेग वाढलेला असतो.

डोंबिवलीहून अंधेरीला अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखतीला निघालेली एक मुलगी घेऊ. तिची पाठ केलेली ओळख अशी:

"नमस्कार सर, मी अमुक. मूळची चिपळूणची, पण जन्मापासून डोंबिवलीत राहते. वडील रेल्वेत आहेत, आई गृहिणी, भाऊ बारावीत आहे. मला दहावीला ८४ आणि बारावीला ७९ टक्के होते. मुंबई विद्यापीठातून बी.कॉम. केलं, टॅली आणि जीएसटीचा कोर्स केला. दोन वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट आहे. तिथे खरेदीची बिलं, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटी रिटर्न ही सगळी कामं बघते. मी मेहनती आणि प्रामाणिक आहे. वाचन आणि ट्रेकिंगची आवड आहे. संधी मिळाली तर मनापासून काम करीन."

हे सत्तरच्या आसपास शब्द आहेत. शांतपणे मराठी बोलताना मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे याला ३८-४० सेकंद लागतात. हेच तीस सेकंदांत बसवायचं तर वेग १४०च्या घरात जातो. तोंड तेवढं चालतं, पण दोन वाक्यांमधली जागा जाते आणि वाक्याचा शेवट गिळला जातो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "बघते" की "बघायचे" हेच ऐकू आलं नाही, तर ते काम ती आज करते की पूर्वी करायची, हे समोरच्याला कळत नाही.

म्हणून आधी कात्री लावायची. जे बायोडेटात छापलेलं आहे आणि ऐकून नवं काही कळत नाही, ते पहिलं जातं: टक्के, कोर्स. घरची माणसंही जातात. विचारलं तर सांगता येतं. मग "मेहनती, प्रामाणिक" जातं, कारण हे प्रत्येक उमेदवार म्हणतो. कामांच्या यादीतलं एकच काम ठेवायचं आणि त्यात आपण काय केलं ते सांगायचं. हा भाग कापताना सगळ्यात जड जातो, कारण तिन्ही कामं खरी असतात. पण तीन नावं ऐकून समोरच्याच्या लक्षात एकही राहत नाही, आणि एक नीट सांगितलं तर पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

"नमस्कार, मी अमुक. मुंबई विद्यापीठातून बी.कॉम. केलंय आणि गेली दोन वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. बँक रिकन्सिलिएशन माझ्याकडे आहे. आधी ते महिन्याच्या शेवटी एकदाच व्हायचं, आता मी दर आठवड्याला करते, त्यामुळे अडकलेले चेक लगेच कळतात. मला आता एकाहून जास्त शाखांचे हिशेब सांभाळायचे आहेत, म्हणून इथे अर्ज केला."

हे पन्नास शब्दांच्या आत आहे. मिनिटाला ११०च्या वेगाने पंचवीस-सव्वीस सेकंद, म्हणजे चार सेकंद उरतात. ते नव्या वाक्याने भरायचे नाहीत. "लगेच कळतात" नंतर एक श्वास, "एकदाच व्हायचं" नंतर छोटासा थांबा, यासाठीच ते आहेत.

दोन्ही प्रकारांत वेळ तीसच सेकंद येते, त्यामुळे फरक घड्याळावर दिसत नाही, तो रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. फोनवर रेकॉर्ड करा आणि श्वास कुठे घेतला ते ऐका. वाक्य संपल्यावर घेतला असेल तर ठीक. वाक्याच्या मध्येच धाप लागल्यासारखा घेतला असेल, तर मजकूर अजून जास्त आहे. मग ज्याला तुमच्या कामाची माहिती नाही अशा माणसाला एकदा ऐकवा आणि काय कळलं ते विचारा. "हिशेबाचं काहीतरी" एवढंच उत्तर आलं तर वेग नव्हे, वाक्यं कमी करा.

एक अडचण मात्र कापून सुटत नाही. प्रत्यक्षात, दडपणाखाली, पाठ असलेला मजकूर सरावापेक्षा वेगानेच बाहेर पडतो. म्हणून मजकूर पूर्ण तीस सेकंदांचा ठेवू नका, पंचवीस-सव्वीसचाच ठेवा, म्हणजे थांबायला जागा राहते. आणि शब्दन् शब्द पाठ करण्यापेक्षा पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा. मधलं काम रोज थोड्या वेगळ्या शब्दांत सांगा, म्हणजे एखादा शब्द आठवला नाही तरी गाडी अडत नाही. घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोचे जिने चढून आला असाल, तर ऑफिसच्या खाली दहा मिनिटं बसूनच वर जा. दम लागलेला असताना पहिलं वाक्य म्हटलं, तर पुढची सगळी वाक्यं त्याच वेगाने येतात.