फॉर्म नंबर १७ (बाहेरून दहावी-बारावी)

शाळेत न जाता महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी किंवा बारावी देण्यासाठी करावयाची नावनोंदणी. अशा परीक्षार्थीला मंडळ ‘खाजगी विद्यार्थी’ म्हणते, लोक मात्र ‘सतरा नंबरचा फॉर्म भरला’ असेच सांगतात. शाळेतून बसून नापास झालेल्याला हा फॉर्म लागत नाही. तो पुनर्परीक्षार्थी असतो आणि जुन्या बैठक क्रमांकावरून थेट परीक्षेचा अर्ज भरतो. हा फरक ठाऊक नसल्याने अनेकांचे हेलपाटे होतात.

दहावीसाठी किमान पाचवी उत्तीर्ण असावे लागते. बारावीसाठी दहावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षांचे अंतर पडावे लागते. मार्च २०२४ मध्ये दहावी झालेला फेब्रुवारी-मार्च २०२६ च्या परीक्षेआधी बसू शकत नाही. बाहेरून बसून वर्ष वाचवता येते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

नोंदणी परीक्षेच्या कितीतरी आधी, आदल्या पावसाळ्यात सुरू होते. मुदत टळली तर विलंब शुल्क पडते आणि शेवटी दारच बंद होते. अर्ज ऑनलाइन भरून आपल्या भागातील एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, शुल्क भरायचे आणि अर्जाची छापील प्रत मूळ कागदपत्रांसह त्या शाळेत द्यायची. शाळा पडताळणी करून अर्ज विभागीय मंडळाकडे पाठवते. तिथून नावनोंदणी प्रमाणपत्र येते. इथे पुष्कळजण निर्धास्त होतात, आणि घात होतो तो इथेच. नोंदणी म्हणजे परीक्षेचा अर्ज नव्हे. तो याच शाळेतून वेगळे शुल्क देऊन पुन्हा भरावा लागतो. तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनही तिथेच होते, म्हणून शाळा घराजवळची निवडलेली बरी.

सारा डोलारा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उभा असतो. समजा, सातवीनंतर शाळा सुटलेली एक बाई पंधरा वर्षांनी दहावीला बसू पाहते. दाखला हरवला आहे आणि आधारवर सासरचे नाव आहे. तिने आधी जुन्या शाळेत अर्ज करावा. तिथल्या जनरल रजिस्टरवरून दाखल्याची दुसरी प्रत मिळते. मूळ दाखला हरवल्याचे प्रतिज्ञापत्र तिला सोबत जोडावे लागते. नाव भरायचे ते दाखल्यावर आहे तेच, माहेरचे, अगदी स्पेलिंगसह. आईचे नाव आणि जन्मतारीखही दाखल्याशी ताडून पाहावी, कारण हीच माहिती पुढे गुणपत्रिकेवर उतरते. शाळेत कागद देण्यापूर्वी दाखल्याच्या साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात, कारण मूळ प्रत शाळेकडे जमा होते.