गेम खेळणाऱ्याला दुःख कळत नाही?

“गेममध्ये मेलेला माणूस पुन्हा उठतो, म्हणून गेम खेळणाऱ्या पोरांना मरणाचं दुःख कळत नाही.”

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या या मेसेजमागची आईबापांची काळजी खोटी नाही. पण पुन्हा उठणं हा काही गेमचा नियम आहे, सगळ्यांचा नाही.

२०१३ चा ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ घ्या. (शेवट फुटतोय, माफ करा.) कंट्रोलरची डावी बाजू थोरल्या भावाची, उजवी धाकट्याची. धाकटा पाण्याला घाबरतो; नदीत थोरल्याच्या पाठीला धरूनच जातो. पुढे थोरला मरतो. तिथे निवड नाहीच, तो वाचत नाही. मग डाव्या बोटाला काही कामच उरत नाही. परतताना पुन्हा पाणी लागतं. धाकट्याचं बटण दाबलं तरी तो पुढे जात नाही. थोरल्याचं दाबलं, की पोहू लागतो.

खात्री करायची तर एकाने खेळावं, दुसऱ्याने शेजारी बसून बघावं. बघणाऱ्याला पोहणारा मुलगा दिसतो. ते बटण आपण होऊन शोधणं खेळणाऱ्याच्याच वाट्याला येतं.

निवड दिलेल्या गेममध्ये ‘हे मी केलं’ अशी टोचणीही लागते. मात्र जुना सेव्ह उघडून निर्णय फिरवता आला, तर ती बरीच बोथट होते. मेसेजमधलं तेवढं खरं.