अनुस्वार कुठे हरवतो?

सबटायटल्स एकदा चित्रातच छापली की ती सर्वत्र तशीच दिसतात, हा समज अर्धाच खरा आहे. छापलेली अक्षरे ही संगणकाच्या दृष्टीने अक्षरे उरत नाहीत. ती चित्राचा भाग होतात आणि चित्राला जे सोसावे लागते ते सारे त्यांनाही सोसावे लागते.

समजा, सर्पदंशावरील प्रथमोपचाराचा दोन मिनिटांचा उभा व्हिडिओ यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचा आहे. त्याच्या सबटायटल्सच्या `.srt` फायलीतील एक नोंद अशी असेल:

```
7
00:00:41,200 --> 00:00:44,000
दोरी बांधू नका, हात हलवू नका.
```

ही केवळ मजकूर आणि वेळ यांची नोंद असल्याने प्रेक्षकाचा फोन अक्षरे पडद्यावर नव्याने रेखाटतो आणि ती नेहमी रेखीव दिसतात. हेच वाक्य १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात छापले आणि त्यातील अनुस्वार सहा पिक्सेलांचा असला, तर पाठवताना व्हिडिओ ४८० पिक्सेल रुंदीचा झाल्यावर तो जेमतेम पावणेतीन पिक्सेलांचा उरतो. त्यानंतर येते संक्षेपण. एच.२६४ पद्धतीत चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येकातील शेजारच्या पिक्सेलांमधले संथ बदल आणि झपाट्याचे बदल वेगळे मोजले जातात आणि फाइल लहान करण्यासाठी झपाट्याचे बदल ढोबळपणे नोंदवले जातात किंवा गाळले जातात. आकाशाच्या चित्रात ते जाणवत नाही. पण अनुस्वार, रफार आणि उकार म्हणजे नेमके असेच झपाट्याचे बदल, म्हणून ‘बांधू’चे ‘बाधू’ होते. रंगांची माहिती तर बहुधा चार पिक्सेलांमागे एकदाच साठवली जाते. त्यामुळे निळ्यावरील लाल अक्षरांच्या कडा पसरतात आणि काळ्या कडेची पांढरी अक्षरे तग धरतात. ‘फोर-के’मध्ये छापल्याने हे टळते, ही जाहिरातबाजी आहे, कारण व्हिडिओ चढवल्यावर तो बहुतेक ठिकाणी पुन्हा लहान केला जातो.

म्हणून यूट्यूबला स्वच्छ व्हिडिओ आणि वेगळी फाइल द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर दुसरा ठेवता येत नाही, पण सबटायटलमधील चूक मिनिटभरात सुधारता येते. आणि मांत्रिकाकडे न जाता रुग्णालय गाठा, असे सांगणाऱ्या व्हिडिओत ‘नका’ हा शब्द सुटला असेल, तर ते मिनिट मोलाचे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र व्हिडिओसोबत वेगळी फाइल चालत नाही आणि इन्स्टाग्रामवर अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून तेथे छापील प्रतच हवी. ती त्याच फायलीवरून `ffmpeg` या आज्ञावलीने करावी:

```
ffmpeg -i mul.mp4 -vf "subtitles=mr.srt" -c:a copy chhapil.mp4
```

फाइल `UTF-8`मध्ये नसेल तर मराठीच्या जागी अगम्य चिन्हे येऊ शकतात किंवा मजकूर उमटतच नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे दिसली किंवा जोडाक्षर फुटले, तर अक्षरजुळणीत दोष आहे असे समजावे. ओळ अगदी तळाशी ठेवू नये, कारण तेथे इन्स्टाग्रामची बटणे येतात. ही प्रत यूट्यूबवर चढवली आणि प्रेक्षकाने तेथील सबटायटल्स चालू केली, तर ती छापील ओळीवर बसून दोन्ही वाचणे कठीण होऊ शकते.

प्रसिद्धीपूर्वी छापील प्रत व्हॉट्सअ‍ॅपने दुसऱ्या फोनवर पाठवावी आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला थांबवून ‘बांधू’वरील अनुस्वार हातभर अंतरावरून दिसतो का, ते पाहावे; दिसला नाही, तर अक्षरे मोठी करून पुन्हा छापावीत.