चांदण्या दिसल्या म्हणजे तिथेच तुटलंय असं नाही

जुलैत देवगडला आतेभावाच्या होमस्टेवर होतो. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी नेट गेलं. वहिनी मोबाइल नाचवत म्हणाली, "भावजी, वायफायच्या कांड्या फुल्ल आहेत, मग पाहुण्यांचं पेमेंट का अडकतंय?" त्या कांड्या फक्त मोबाइल आणि घरातला राउटर यांच्यातल्या. राउटरच्या पुढे काय झालंय, ते त्यांना कळत नाही.

मी लॅपटॉप उघडला, कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी काढली आणि दोन ओळी टाकल्या.

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिला पत्ता घरच्या राउटरचा. तिथून १-२ मिलिसेकंदात उत्तर आलं. दुसरा गूगलच्या एका सर्व्हरचा. तिथे चारही वेळा `Request timed out.` साइटचं नाव न टाकता मुद्दाम आकडा टाकला. नावाचा पत्ता शोधणारी यंत्रणा बंद असेल, तर चांगली लाइनही मेल्यासारखी दिसते.

पिंग हा प्रोग्रॅम माइक मूस यांनी १९८३ साली लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते मोजायचं. पण प्रतिध्वनी आलाच नाही, तर हाक कुठे विरली हे पिंग सांगत नाही. त्यासाठी ट्रेसराउट, विंडोजवर त्याचं नाव `tracert`.

त्याची युक्ती समजायला एसटीचे टप्पे आठवा. पहिल्या माणसाला एकाच टप्प्याचं तिकीट द्यायचं. कंडक्टर त्याला तिथे उतरवणार, मग तो फोन करून सांगणार, "मी अमुक स्टँडवर आहे." दुसऱ्याला दोन टप्प्यांचं, तिसऱ्याला तीन. नेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, तेच त्याचं तिकीट. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. त्या निरोपावर राउटरचा स्वतःचा पत्ता असतो. मुळात ही सोय पॅकेटं चुकून गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून होती, तिचा असा उपयोग व्हॅन जेकबसन यांनी करून दाखवला.

```
tracert -d 8.8.8.8
  1   <1 ms   <1 ms    1 ms  192.168.1.1
  2    3 ms    2 ms    3 ms  10.20.0.1
  3    *       *       *     Request timed out.
  4    *       *       *     Request timed out.
```

पुढे तिसाव्या ओळीपर्यंत चांदण्याच. (`-d` दिलं नाही, तर तो प्रत्येक पत्त्याचं नाव शोधत बसतो आणि नेट नसताना जीव खातो.) भाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे तीन नंबरला तुटलंय."

इथेच बहुतेकांची गफलत होते. सुदैवाने मे महिन्यात नेट धडधाकट असताना मी हीच कमांड चालवून फोटो काढून ठेवला होता. त्यात तिसऱ्या ओळीवर तेव्हाही तीन चांदण्या होत्या आणि चौथी ओळ अशी:

```
  4   14 ms   13 ms   14 ms  10.20.255.9
```

म्हणजे तिसरा राउटर पॅकेटं पुढे नेतो, पण स्वतः कधी बोलत नाही. असे निरोप पाठवायचे नाहीत, असं कित्येक राउटरांना सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे मधल्या चांदण्यांना घाबरू नये. त्यांच्यानंतर एकही ओळ बोलत नसेल, तेव्हाच काहीतरी बिघडल्याचा संशय घ्यावा. आमचा दोष दुसऱ्याच्या पुढे आणि चौथ्यापर्यंत कुठेतरी होता, त्याहून नेमकं सांगता येत नव्हतं. `1.1.1.1` या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरही करून पाहिलं, तिथेही दोनवरच खुंटलं. तेव्हा गूगलवर संशय उरला नाही.

मेमधल्या वेळा आणखी थोडं सांगत होत्या. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. दुसरी ओळ ३ वर, चौथी १४ वर. ही ११ ची उडी राउटरच्या गर्दीमुळेही पडू शकते, पण दर वेळी तेवढीच पडत असेल तर बहुधा तो लांबचा पल्ला असतो. देवगड-मुंबई चार-साडेचारशे किलोमीटर धरलं, तरी तो त्यात सहज बसतो.

याला एक मर्यादा आहे. ट्रेसराउटला राउटर दिसतात, खांब आणि वायर नाही. शिवाय परतीची वाट वेगळी असू शकते. पॅकेट चौथ्यापर्यंत पोचलं आणि त्याचा निरोप येताना हरवला, तरी आपल्याला चांदण्याच दिसणार.

कंपनीच्या हेल्पलाइनवर "राउटर बंद करून चालू करा" सुरू झालं. मी म्हटलं, "दोन नंबरच्या `10.20.0.1` पर्यंत जातंय, नेहमी चारवरून `10.20.255.9` उत्तर देतो, तो आज गप्प आहे." पलीकडचा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, मग तुमच्या घरी माणूस पाठवून उपयोग नाही, वर कळवतो."

संध्याकाळी नेट आलं. पुन्हा कमांड चालवली. तिसऱ्या ओळीवर चांदण्या तशाच, आणि चौथीवर १४ च्या जागी ३१. तुटलेलं अजून सांधलं नसावं, बहुधा लांबच्या वाटेने वळवलं होतं. तो फोटोही मी काढून ठेवला.