वजावट आणि रिबेट: दीड लाख गुंतवले, मग कर दीड लाखाने का उतरत नाही?

मार्च महिना जवळ आला की 'दीड लाख गुंतवा आणि दीड लाखाची करसवलत मिळवा' असे वाक्य हमखास कानावर पडते, आणि ते ऐकणाऱ्या अनेकांची अशी समजूत होते की आपल्या करातून दीड लाख रुपये कमी होणार आहेत. प्रत्यक्षात १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०सी खाली जे मिळते ती वजावट असते. ती करातून नव्हे, तर ज्या उत्पन्नावर कर आकारायचा त्या उत्पन्नातून वजा होते. करातून थेट वजा होणारी रक्कम वेगळी. तिला कलम ८७ए मध्ये रिबेट म्हणतात, आणि इंग्रजी लेखनात ज्याला टॅक्स क्रेडिट म्हटले जाते त्याच जातीची ती आहे. दोन्हींना मराठीत सरसकट 'सवलत' म्हटले जाते. माझ्या मते अर्धा गोंधळ या एका शब्दामुळे होतो.

हिशेबाचा क्रम पाहिला की फरक स्पष्ट होतो. आधी उत्पन्न मोजतात, त्यातून वजावटी काढतात, उरलेल्या उत्पन्नाला टप्प्यांचे दर लावून कर काढतात, त्यातून रिबेट वजा करतात आणि शेवटी ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर चढवतात. वजावट दर लावण्याच्या आधी येते, त्यामुळे वजावटीतल्या प्रत्येक रुपयामागे तेवढाच फायदा होतो जेवढा कर त्या रुपयावर लागला असता. रिबेट दर लावून झाल्यावर येतो, म्हणून त्यातला रुपया पूर्ण रुपया म्हणून मोजला जातो.

साठ वर्षांखालील एका पगारदार व्यक्तीचे उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी तिने जुनी करप्रणाली निवडली आहे आणि प्रमाणित वजावटीनंतर तिचे उत्पन्न १०,५०,००० रुपये आहे. जुन्या प्रणालीत पहिल्या अडीच लाखांवर कर नाही, पुढील अडीच लाखांवर ५ टक्के, पाच ते दहा लाखांच्या टप्प्यावर २० टक्के आणि त्यावर ३० टक्के दर आहे. तिने काहीही गुंतवले नाही तर १२,५००, १,००,००० आणि १५,००० मिळून १,२७,५०० रुपये कर होतो, आणि उपकरासह तो १,३२,६०० वर जातो. तिने पीपीएफमध्ये दीड लाख रुपये भरले, तर करपात्र उत्पन्न ९,००,००० होते, त्यावरचा कर ९२,५०० आणि उपकरासह ९६,२०० रुपये होतो. वाचले ते ३६,४०० रुपये.

या ठिकाणी आणखी एक चूक होते. जाहिरातींत बहुधा ४६,८०० रुपयांची बचत दाखवलेली असते आणि ती ३० टक्के टप्प्यातील व्यक्तीसाठी आहे असे समजून वरच्या उदाहरणातली व्यक्तीही तेवढीच अपेक्षा धरते, कारण तीही 'तीस टक्क्यांत' आहे. पण तिचे फक्त शेवटचे ५०,००० रुपये त्या टप्प्यात होते. वजावट उत्पन्नाच्या वरच्या टोकापासून खाली कापत येते. पहिले ५०,००० रुपये ३० टक्क्यांनी कापले गेले, उरलेले एक लाख २० टक्क्यांनी. पूर्ण ४६,८०० वाचण्यासाठी वजावटीआधीचे उत्पन्न किमान साडेअकरा लाख असावे लागते. आपली खरी बचत कळण्यासाठी करदर आणि वजावट यांचा गुणाकार पुरत नाही. वजावटीशिवाय आणि वजावटीसह असे दोनदा कर काढून वजाबाकी करावी.

पीपीएफमधले पैसे निदान आपलेच राहतात. आरोग्य विम्याच्या हप्त्याचे तसे नाही. २० टक्के टप्प्यातील व्यक्तीने कलम ८०डी खाली २५,००० रुपयांचा हप्ता भरला तर उपकर धरून ५,२०० रुपये कर वाचतो आणि १९,८०० रुपये खिशातून जातात. विमा गरजेचा असेल तर तो जरूर घ्यावा, पण केवळ कर वाचवण्यासाठी केलेल्या खर्चाचा मोठा भाग खर्चच राहतो.

आता रिबेट पाहू. जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ५,००,००० रुपयांपर्यंत असल्यास कमाल १२,५०० रुपयांचा रिबेट मिळतो. तो उपकराच्या आधी वजा होत असल्यामुळे उपकर धरता त्याची किंमत १३,००० रुपये भरते. मात्र तो करापेक्षा जास्त मिळत नाही. कर ८,००० रुपयेच असेल तर रिबेटही तेवढाच. उरलेले ४,५०० रुपये परत मिळत नाहीत. टीडीएसही करातून रुपयास रुपया वजा होतो, पण जास्त कापला गेला असेल तर परतावा मिळतो, कारण तो आपणच आधी भरलेला कर असतो. ती सवलत नव्हे.

वजावट नेहमी दर्शनी रकमेपेक्षा कमीच वाचवते, या नियमाला अपवाद आहे, आणि तो रिबेटमुळेच निर्माण होतो. प्रमाणित वजावटीनंतर ६,००,००० रुपये उत्पन्न असलेल्या व्यक्तीने ८०सी खाली ९९,००० रुपये गुंतवले, तर करपात्र उत्पन्न ५,०१,००० राहते आणि उपकरासह १३,२०८ रुपये कर भरावा लागतो. तिने आणखी १,००० रुपये गुंतवले की उत्पन्न नेमके पाच लाखांवर येते, रिबेट लागू होतो आणि कर शून्य होतो. त्या शेवटच्या हजार रुपयांनी १३,२०८ रुपये वाचवले. जुन्या प्रणालीत या सीमेवर कोणताही दिलासा नाही, म्हणून पाच लाखांच्या किंचित वर असणाऱ्यांनी हा हिशेब ३१ मार्चच्या आत करणे फार महत्त्वाचे असते. नव्या प्रणालीत रिबेटची बारा लाखांची सीमा थोडी ओलांडली तर वाढीव कर वाढीव उत्पन्नापेक्षा जास्त होऊ दिला जात नाही. पण तिथे ८०सी आणि ८०डी दोन्ही नाहीत.

एकाच गुंतवणुकीला हे दोन्ही नियम लावून पाहण्याची संधी आपल्याकडे इतिहासाने दिली आहे. आर्थिक वर्ष २००४-०५ पर्यंत पीपीएफ, विमा हप्ता, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे यांवर कलम ८८ खाली रिबेट मिळत असे, आणि नव्वदच्या दशकात त्याचा सर्वसाधारण दर गुंतवणुकीच्या २० टक्के होता. ६०,००० रुपये गुंतवले की करातून १२,००० रुपये कमी होत, मग गुंतवणारा कारकून असो वा कंपनीचा संचालक. अट एवढीच की तेवढा कर निघायला हवा. २००२ च्या अर्थसंकल्पाने दीड लाखांवरील उत्पन्नाला हा दर १५ टक्क्यांवर आणला आणि पाच लाखांवरील उत्पन्नाला रिबेट बंदच केला. २००५ च्या अर्थसंकल्पाने त्याऐवजी ८०सी आणले, तेव्हा मर्यादा एक लाख होती. तेच ६०,००० रुपये त्या वर्षी १० टक्के टप्प्यातील माणसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये, कारण तो टप्पा ५०,००० रुपयांचाच होता, २० टक्के टप्प्यातील माणसाला १२,००० आणि ३० टक्के टप्प्यातील माणसाला १८,००० वाचवू लागले. म्हणजे पाच लाखांवर कमावणाऱ्या ज्या व्यक्तीला आदल्या वर्षी या बचतीवर काहीच मिळत नव्हते, तिलाच दुसऱ्या वर्षी सर्वांत जास्त मिळू लागले.