प्रवचनाच्या पाच स्वतंत्र क्लिप: रेकॉर्डिंग देण्यापूर्वी वाचावे

उत्सवातील प्रवचनाचे किंवा व्याख्यानमालेतील भाषणाचे रेकॉर्डिंग आमच्याकडे देणाऱ्या मंडळांची एक समजूत असते, की सव्वा तासाचे पाच समान तुकडे केले की पाच क्लिप तयार होतात. तसे केल्यास दुसऱ्या क्लिपपासून पुढचे सारे ‘मघाशी म्हटल्याप्रमाणे’ आणि ‘तो तिथे गेला तेव्हा’ अशा वाक्यांनी सुरू होते. मंडपात बसलेल्या श्रोत्याला ‘तो’ कोण हे ठाऊक असते. मुंबईत लोकलमध्ये उभ्याने क्लिप पाहणाऱ्या चाकरमान्याला ते ठाऊक नसते.

म्हणून आम्ही आधी संपूर्ण प्रवचन वेळेच्या नोंदींसह लिहून काढतो आणि ज्या वाक्यांत वक्त्याचा एखादा विचार पुरा होतो, ती वाक्ये अधोरेखित करतो. क्लिपचा शेवट प्रथम ठरतो. त्यानंतर मागे जात, तो शेवट समजण्यासाठी कमीत कमी काय ऐकावे लागेल, ते शोधले जाते. हे अंतर दीड-दोन मिनिटांत बसत नसेल, तर तो विचार कितीही सुंदर असला तरी आम्ही सोडून देतो. क्लिपना ‘भाग १’, ‘भाग २’ अशी नावेही देत नाही, कारण त्या कोणाच्या मोबाइलवर कोणत्या क्रमाने पोहोचतील, हे आपल्या हाती नसते.

खरी जोखीम मात्र पूर्वपक्षाची आहे. आपल्याकडील प्रवचनकार खोडून काढायचे मत आधी स्वतःच्या तोंडाने, पूर्ण रंगवून मांडतात आणि मग त्याचे खंडन करतात. कात्री या दोहोंच्या मध्ये पडली, तर वक्त्याने नाकारलेले मतच त्याच्या नावावर फिरू लागते.

रत्नागिरी तालुक्यातील एका देवळाच्या उत्सवात सुदाम्याच्या आख्यानावर झालेले ७२ मिनिटांचे प्रवचन आमच्याकडे आले होते. गुरुगृही असताना सुदाम्याने कृष्णाच्या वाट्याचे चणे एकट्याने खाल्ले आणि म्हणून त्याला दारिद्र्य आले, ही लोककथा बुवांनी ३१व्या मिनिटापासून सुमारे चार मिनिटे, दातांच्या कडकड आवाजासकट सांगितली होती. मंडप हसत होता आणि मंडळाला नेमकी तीच क्लिप हवी होती. परंतु हशा ओसरल्यावर बुवा म्हणाले होते, की ही गोष्ट लोकांत आहे, भागवतात नाही. भागवताच्या दशम स्कंधात गुरुगृहीची जी आठवण आहे, ती सरपणासाठी रानात गेलेल्या शिष्यांना वादळपावसाने गाठल्याची आहे, आणि दारिद्र्य ही शिक्षाच असते असे मानणे त्यांना मान्य नव्हते. हशावर थांबलेली क्लिप पाहणाऱ्याच्या मनावर याच्या नेमके उलट बिंबले असते.

आम्ही चण्यांच्या कथेतील संवाद वगळून तिची ३५ सेकंदे ठेवली, हशाचे दोन सेकंद ठेवले आणि त्याला खंडनाची ४० सेकंदे जोडली. जिथे मजकूर गाळला आहे, तिथे चौकट किंचित जवळ आणून जोड दिसू दिला. अखंड बोलणे असल्याचा भास निर्माण करणे आम्हाला योग्य वाटत नाही. उरलेल्या चार क्लिपमध्ये शेजारून मागून आणलेल्या चार मुठी पोह्यांचा प्रसंग सर्वांत सहज निघाला, कारण बुवांनी तो सांगताना प्रत्येक वेळी सुदाम्याचे नाव घेतले होते. द्वारकेहून परतल्यानंतरचा प्रसंग मात्र ‘त्याची झोपडी’ या शब्दांनी सुरू होत होता; तिथे आम्ही पडद्यावर ‘सुदामा द्वारकेहून परततो’ एवढी एक ओळ दिली. वक्त्याच्या तोंडी नवा शब्द घालण्यापेक्षा हे बरे.

प्रत्येक क्लिप, त्या प्रवचनाला न आलेल्या एका व्यक्तीला दाखवून, कोण कोणाविषयी काय म्हणाले एवढेच विचारले जाते. उत्तर अडखळले की क्लिप पुन्हा कापायला जाते.

रेकॉर्डिंगविषयी दोन विनंत्या आहेत. आवाज ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून थेट घ्यावा. पत्र्याच्या मंडपात कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनवर घुमणारा आवाज नंतर पुरता सुधारत नाही. चित्रीकरण शक्यतो फोर-के असावे, कारण १९२० बाय १०८० च्या आडव्या चित्रातून मोबाइलसाठी उभी चौकट कापली, तर जेमतेम ६०७ पिक्सेल रुंदी उरते आणि बुवांचा चेहरा धूसर दिसतो. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर द्यावी. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठविल्यास तिचा दर्जा आधीच घटलेला असतो.

पाचही क्लिप, त्यांखालील अक्षरांसह, प्रथम वक्त्यांकडे जातात, कारण संस्कृत श्लोक ऐकून लिहिताना आमच्याकडून चुका होतात. त्यांची संमती आल्यावरच त्या मंडळाच्या हाती दिल्या जातात.